मॉरिशसच्या दक्षिणेकडून निघालेला वारा

जुलैत मॉरिशसमध्ये हिवाळा असतो. कोकणात भातलावणी चाललेली असते त्या दिवसांत या बेटावर कोरडा, गार आणि न थांबणारा आग्नेय वारा वाहत असतो आणि मैलोगणती पसरलेला ऊस त्याच्यासोबत वायव्येकडे झुकलेला असतो. एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे राहतात. त्यांच्या अंगणातून जाणारा तो वारा पुढे सात-आठ हजार किलोमीटरची वाट तुडवतो आणि आठवडा-दीड आठवड्याने रत्नागिरी-अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचतो. मात्र निघताना त्याचं नाव आग्नेय असतं आणि पोहोचताना नैऋत्य. अर्ध्या वाटेत त्याने दिशा जवळजवळ काटकोनात बदललेली असते.

मोसमी पावसाचं सगळं भूगोलशास्त्र या एका वळणात सापडतं. वारा का निघाला, का वळला, आणि भारतावर येऊनच पाऊस का पाडू लागला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. शाळेत त्यांचं उत्तर एका वाक्यात मिळतं: जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. हे वाक्य खोटं नाही, पण फार थोडं सांगतं.

पहिला प्रश्न निघण्याचा. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. हा जास्त दाब जुलैत मॉरिशसच्याही दक्षिणेला, साधारण ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, समुद्रावर ठाण मांडून बसलेला असतो. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या बेटांच्या समूहाला मस्कारेन म्हणतात, म्हणून हवामान खात्याच्या भाषेत हा मस्कारेनचा उच्चदाब. त्याच्या मध्यभागी हवेचा दाब १,०२४ हेक्टोपास्कलच्या घरात असतो. दुसऱ्या टोकाला, पाकिस्तान आणि राजस्थानच्या तापलेल्या वाळवंटावर, तो ९९५ च्या आसपास उतरलेला असतो. फरक जेमतेम तीस हेक्टोपास्कलचा, म्हणजे एकूण दाबाच्या तीन टक्के. हे तीन टक्के विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात आणि चार महिने टिकतात, म्हणून एवढा मोठा वारा ओढून आणू शकतात.

समुद्रावर ३० अंशांशी हा दाब का साचतो? पाठ्यपुस्तकातल्या पृथ्वीच्या चित्रात पट्टे आखलेले असतात: विषुववृत्तावर कमी दाब, ३० अंशांवर जास्त, ६० वर पुन्हा कमी, ध्रुवांवर जास्त. विषुववृत्ताजवळ हवा तापून, बाष्प घेऊन पंधरा-सोळा किलोमीटर उंच जाते, तिथे ढग होऊन पाऊस पाडते आणि मग वरच्या वर दोन्ही ध्रुवांच्या दिशेने निघते. पण ती ध्रुवापर्यंत पोहोचत नाही. साधारण ३० अंशांपर्यंत गेली की खाली बसू लागते. खाली बसणारी हवा दाबली जाते, दाबली गेल्याने तापते, आणि तापल्याने तिच्यातले ढग विरतात. सहारा, अरबस्तान, कलहारी आणि ऑस्ट्रेलियाचं वाळवंट या पट्ट्याखाली सापडतात ते याचमुळे.

आता नकाशावर वाराणसी किंवा पाटणा शोधावं. ही शहरं २५ ते २६ अंश उत्तरेला आहेत. त्याच अक्षांशावरून पश्चिमेकडे गेलं की रियाधच्या आसपासचं वाळवंट आणि पुढे सहारा लागते. पट्ट्यांच्या चित्रावर विश्वास ठेवला तर गंगेच्या खोऱ्यातही वाळूच असायला हवी होती.

तसं होत नाही, कारण पट्टे सरळ नसतात आणि जागचे हलतात. सूर्य उत्तरेकडे सरकला की विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टाही त्याच्यामागून सरकतो. अटलांटिक आणि प्रशांत महासागरावर तो फार तर सात-दहा अंश उत्तरेला जातो. हिंद महासागराच्या रेखांशांवर मात्र उत्तरेला समुद्र नाही, आशियाचा तापलेला अवाढव्य भूखंड आहे. तिथे हा पट्टा वीस-पंचवीस अंशांपर्यंत चढतो. जुलैच्या दाबनकाशावर उत्तर गोलार्धातला जास्त दाबाचा पट्टा शोधला तर तो अटलांटिकवर दिसतो, प्रशांत महासागरावर दिसतो, आणि आशियावर गायब असतो. त्याच्या जागी राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाची एक लांब घळ पडलेली असते. हिला हवामानशास्त्रज्ञ मान्सूनचा आस म्हणतात. म्हणजे जुलै-ऑगस्टात विषुववृत्ताचं हवामान काही काळ गंगेच्या मैदानावर मुक्कामाला आलेलं असतं.

दक्षिणेला जास्त दाब, उत्तरेला कमी. मग वाऱ्याने नाकासमोर उत्तरेकडे यायला हवं. मॉरिशसवरून निघून थेट कच्छपर्यंत. तो तसा येत नाही, आणि इथे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध येतो.

विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. ३० अंशांवर परीघ लहान झाल्याने हा वेग १,४४६ वर येतो. मस्कारेनहून उत्तरेकडे निघालेल्या हवेकडे तिच्या मूळ जागेचा, म्हणजे कमी वेग असतो. ती जसजशी विषुववृत्ताकडे जाते तसतशी खालची जमीन आणि समुद्र तिच्यापेक्षा वेगाने पूर्वेकडे सरकू लागतात आणि ती मागे, म्हणजे पश्चिमेकडे पडते. उत्तरेकडे निघालेली हवा पश्चिमेकडे पडू लागली की तिचा आग्नेयेकडून येणारा वारा होतो. इंग्रज वकील जॉर्ज हॅडली याने १७३५ मध्ये व्यापारी वाऱ्यांचं स्पष्टीकरण असंच दिलं होतं.

हॅडलीचा विचार सुरेख होता, पण अर्धवट. त्याच्या मांडणीनुसार फक्त उत्तर-दक्षिण जाणारा वारा वळायला हवा; नेमका पूर्वेकडे जाणारा वारा अक्षांश बदलत नाही, म्हणून तो सरळ जायला हवा. प्रत्यक्षात तोही वळतो. पूर्वेकडे जाणारी हवा पृथ्वीच्याच दिशेने पण पृथ्वीपेक्षा जास्त वेगाने फिरत असते, त्यामुळे ती पृथ्वीच्या अक्षापासून बाहेर फेकली जाऊ पाहते, आणि गोलाच्या पृष्ठभागावर 'बाहेर' म्हणजे विषुववृत्ताकडे. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे तोंड करून चालणाऱ्याला विषुववृत्त उजवीकडे असतं, म्हणून हा वाराही उजवीकडेच वळतो. वारा कोणत्याही दिशेने वाहो, उत्तर गोलार्धात तो उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे ढकलला जातो. फ्रेंच अभियंता गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस याने १८३५ मध्ये या परिणामाचं गणित मांडलं. गंमत म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर वारे नव्हते, फिरत्या यंत्रांचे भाग होते. ते गणित वाऱ्यांना लावण्याचं मोठं काम अमेरिकेतल्या विल्यम फेरेलने १८५० च्या दशकात सुरू केलं.

हा ढकलण्याचा जोर अगदी क्षीण असतो, आणि तो किती क्षीण हे आकड्यांत पाहिलेलं बरं. मुंबईच्या अक्षांशावर, १९ अंशांवर, सेकंदाला १५ मीटर म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यावर होणारा त्वरण-परिणाम गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी भरतो. पण वारा थांबत नाही. दुसरा कुठलाही जोर नसेल तर तासाभरात तो ५४ किलोमीटर पुढे जाईल आणि त्याच वेळात साडेचार किलोमीटरहून जास्त बाजूला सरकेल. सहा तासांत हे बाजूला सरकणं दीडशे किलोमीटरच्या घरात जातं. क्षीण जोराला लांब पल्ला आणि भरपूर वेळ मिळाला की तो दिशा बदलून टाकतो. कमी वेळ आणि लहान जागा मिळाली तर काहीच करू शकत नाही.

केनियात नान्युकी नावाचं गाव विषुववृत्तावर आहे. तिथे पर्यटकांना एक खेळ दाखवतात. खाली भोक असलेलं भांडं, त्यात पाणी आणि तरंगत्या काड्या. रेषेच्या उत्तरेला काही पावलांवर गेलं की काड्या एका दिशेने फिरतात, दक्षिणेला गेलं की उलट्या दिशेने, आणि रेषेवर फिरतच नाहीत. लोक थक्क होतात आणि पैसे देतात. हा हातचलाखीचा भाग आहे: भांडं कोणत्या बाजूने वळवून ठेवलं, पाणी कसं ओतलं, यावर काड्यांची दिशा ठरते. विषुववृत्तापासून वीस मीटरवर कोरिऑलिसचा परिणाम मुंबईतल्याच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतका असतो, कारण हा परिणाम अक्षांशाच्या ज्या-प्रमाणानुसार बदलतो आणि विषुववृत्तावर तो पुरता शून्य होतो. पण त्याच गावाच्या पूर्वेला, किनाऱ्याजवळच्या आभाळात, खरा चमत्कार चाललेला असतो आणि त्याचं तिकीट कोणी काढत नाही.

कारण मोसमी वारा विषुववृत्त ओलांडतो तो मुख्यतः इथेच.

इथे एक अडचण आहे. कोरिऑलिसचा जोर विषुववृत्तावर शून्य असेल, तर वारा तिथे वळतो कसा? पुस्तकातलं नेहमीचं वाक्य असं: दक्षिण गोलार्धात डावीकडे वळलेला आग्नेय वारा विषुववृत्त ओलांडताच उजवीकडे वळून नैऋत्य होतो. 'ओलांडताच' हा शब्द फसवा आहे. रेषेच्या दोन्ही बाजूंना पाच-सात अंशांपर्यंत जोर इतका कमी असतो की नुसत्या त्याच्या बळावर वळण घ्यायला वाऱ्याला फार मोठं मैदान लागलं असतं. आग्नेयेकडून येणारा हा वारा तसाच वायव्येकडे जात राहिला असता तर आफ्रिकेच्या पोटात शिरला असता आणि कोकणाला त्याचा उपयोग झाला नसता.

त्याला अडवतो तो पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ प्रदेश. केनिया आणि इथिओपियाची पठारं दीड-दोन हजार मीटर आणि त्याहून उंच आहेत, आणि हा वारा वाहतो तो साधारण त्याच उंचीपर्यंतच्या थरात. शेतात वाहत्या पाण्याला बांध घालून पाटाने वळवावं तसा हा वारा त्या उंचवट्याला टेकून उत्तरेकडे वळतो, आणि अरुंद जागेत कोंडल्याने वेगही घेतो. आता तो उत्तर गोलार्धात शिरलेला असतो आणि प्रत्येक अंशागणिक उजवीकडे ढकलणारा जोर वाढत असतो. सोमालियाच्या किनाऱ्याशी तो उत्तर-ईशान्येकडे, आणि आफ्रिकेचं शिंग सोडून अरबी समुद्रावर आला की सरळ ईशान्य आणि मग पूर्वेकडे तोंड करतो.

या प्रवाहाचं नेमकं चित्र हाती आलं ते १९६९ मध्ये. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जॉन फिंडलेटर याने पूर्व आफ्रिकेतल्या वाऱ्यांच्या नोंदी जोडून दाखवलं की विषुववृत्त ओलांडणारी हवा सगळीकडून सारखी येत नाही. तिचा फार मोठा हिस्सा आफ्रिकेला लागून असलेल्या एका अरुंद पट्ट्यातून, समुद्रसपाटीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर, झोताच्या रूपाने जातो. झोतवारे सहसा दहा-बारा किलोमीटर उंचीवर असतात, हा मात्र जमिनीला लागून. त्याच्या गाभ्यात ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपासचा वेग नेहमीचा, आणि काही दिवशी त्याहून बराच जास्त. त्याला सोमाली झोत किंवा फिंडलेटर झोत म्हणतात. शास्त्रज्ञांना ठाऊक होण्याच्या किती तरी शतकं आधी अरब आणि गुजराती नाखव्यांना तो ठाऊक होता. ते त्याच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या आठवड्यांत आफ्रिकेहून भारताकडे गलबतं हाकत आणि तो भर जोरात असताना समुद्रात पाऊल टाकत नसत. कोकणातही जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मग पुन्हा मासेमारी सुरू होते, ती याच झोताच्या वेळापत्रकाने.

या झोताची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे पुढचा प्रश्न नीट समजतो. तो सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर, महिनोन्‌महिने, प्रचंड वेगाने वाहतो, तरी सोमालिया कोरडा राहतो. समुद्रावरून येणारा वारा म्हणजे पाऊस, या समजुतीला हा रोकडा अपवाद आहे. उलट त्याच्या घसाऱ्याने किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाजूला लोटलं जातं, खोलवरचं गार पाणी वर येतं, आणि जुलै-ऑगस्टात विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही समुद्राचं तापमान जागोजागी वीस अंशांच्या खाली उतरतं. गार पाण्यावरची हवा वर चढत नाही. बाष्प असूनही पाऊस नाही. अरबी समुद्र पार करताना हा वारा उबदार पाण्यावरून आणखी बाष्प उचलतो, पण पावसासाठी त्याला कुणीतरी वर उचलावं लागतं.

महाराष्ट्रात उचलण्याचं पहिलं काम सह्याद्री करतो. अरबी समुद्राकडून आलेली हवा पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात हजार-बाराशे मीटर चढते, चढताना थंड होते, आणि बाष्पाचं पाणी होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत तो हजाराच्या आतच राहतो, आणि आणखी पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास. घाटाच्या पलीकडे हवा उतरते, तापते, ढग विरतात. ३० अंशांवरच्या वाळवंटांना कोरडं ठेवणारी क्रिया इथे लहान प्रमाणावर चाललेली असते.

पण सह्याद्री विदर्भाला, मध्य प्रदेशाला किंवा बिहारला पाऊस देत नाही. तिथे वाऱ्याच्या आड अशी डोंगररांग नाही, तरी पाऊस आहे. तिथे हवा वर जाते ती मान्सूनच्या आसामुळे.

आसाभोवती वारे कसे वाहतात ते डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट याने १८५७ मध्ये सांगितलेल्या नियमाने सहज कळतं. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो. जुलैत अलिबागच्या किनाऱ्यावर समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ केली की डावा हात उत्तरेकडे येतो, आणि आस खरोखरच तिकडे, गंगेच्या मैदानावर असतो. कमी दाबाचा ओढा वाऱ्याला उत्तरेकडे खेचतो, कोरिऑलिस त्याला उजवीकडे, दक्षिणेकडे ढकलतो, आणि दोन्ही जोर जवळजवळ बरोबरीला आले की वारा दोघांच्या मधून समदाब रेषांना लागून पूर्वेकडे वाहू लागतो. म्हणूनच तो मस्कारेनहून कच्छला सरळ जात नाही. भारताच्या द्वीपकल्पावरून आडवा जातो. जमिनीलगत मात्र झाडं, डोंगर, घरं यांच्या घर्षणाने वेग कमी होतो, वेग कमी झाला की कोरिऑलिसचा जोरही कमी होतो, आणि वारा थोडा थोडा कमी दाबाकडे झिरपू लागतो. आसाच्या दक्षिणेकडून असा झिरपणारा पश्चिमी वारा आणि उत्तरेकडून हिमालयाच्या पायथ्याने वळून आलेला पूर्वेकडचा वारा आसावर एकमेकांना भिडतात. दोघांना जायला जागा एकच उरते, वर. पावसाचे ढग उभे राहतात ते त्याच पट्ट्यावर, विशेषतः त्याच्या दक्षिण बाजूला.

इथे शाळेतल्या त्या वाक्याकडे परत यावं लागतं. जमीन आणि समुद्राच्या तापमानातल्या फरकाने मोसमी वारे वाहतात ही कल्पना एडमंड हॅलीची, धूमकेतूवाल्या हॅलीचीच. १६८६ मध्ये त्याने जगातल्या वाऱ्यांचा नकाशाही काढला. पण उत्तर भारतातली जमीन सगळ्यात जास्त तापते ती मे महिन्यात, आणि मे कोरडा जातो. जून-जुलैत पाऊस येतो तेव्हा जमीन थंड झालेली असते आणि पाऊस मात्र वाढत जातो. भारतात काम केलेल्या जॉर्ज सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये आणखी टोकदार मुद्दा मांडला: ज्या वर्षी पाऊस कमी पडतो त्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते. तापमानातला फरक हाच मुख्य धनी असता तर दुष्काळाच्या वर्षी सर्वांत जास्त पाऊस पडायला हवा होता.

याचं पटणारं उत्तर घडवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डी. आर. सिक्का आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी १९७० च्या दशकातली उपग्रहचित्रं दिवसागणिक तपासली आणि १९८० मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. भारतावरचा मोसमी ढगांचा पट्टा आणि विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर वर्षभर असणारा ढगांचा पट्टा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिला हा दुसऱ्याचाच उत्तरेकडे सरकून आलेला अवतार आहे. तापलेली जमीन या पट्ट्याला वर यायला निमित्त देते, पण एकदा पाऊस सुरू झाला की ढगांत बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता वरच्या थरांना तापवते, खालचा दाब उतरवते आणि आणखी हवा ओढून घेते. म्हणून जमीन थंड झाली तरी पाऊस थांबत नाही. त्यांच्या निरीक्षणात दुसरीही एक गोष्ट होती: मोसमी महिन्यांत या पट्ट्याला दोन जागा आवडतात, एक भूभागावर आणि एक विषुववृत्ताजवळच्या उबदार समुद्रावर. भूभागावरचा पट्टा कायमचा नसतो. तो विरळ होतो, आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने समुद्रावरचा पट्टा उत्तरेकडे सरकत येऊन त्याला पुन्हा ताजा करतो.

तो ताजा होत नाही तेव्हा काय होतं, हे ऑगस्ट २०२३ मध्ये दिसलं.

त्या वर्षी मान्सून केरळात उशिरा, ८ जूनला आला. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळाने त्याची पुढची वाटचाल रेंगाळवली आणि २५ जूनला तो मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी पोहोचला. असं याआधी १९६१ मध्ये झालं होतं. जुलै भरपूर बरसला. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर मान्सूनचा आस उत्तरेकडे सरकला आणि हिमालयाच्या पायथ्याला जाऊन चिकटला. हवामान खातं याला मान्सूनमधला खंड म्हणतं, गावात म्हणतात पावसाने ओढ दिली. दाबनकाशावर खंड ओळखणं सोपं असतं. एरवी श्रीगंगानगरकडून अलाहाबादवरून कोलकात्याच्या दिशेने जाणारी कमी दाबाची रेघ मैदानावर दिसेनाशी होते, पायथ्याशी दाब उतरतो आणि मध्य भारतावर चढतो. किनाऱ्यावरचा पश्चिमी वारा मंदावतो, कोकणात उघडीप पडते, आणि सह्याद्रीच्या पूर्वेला कडक ऊन पडतं.

पाऊस नाहीसा झाला नव्हता, तो आसाबरोबर गेला होता. १४ ऑगस्टला शिमल्यात दरडी कोसळून माणसं गाडली गेली, हिमाचल आणि उत्तराखंडात नद्यांना पूर आले, आणि त्याच दिवसांत मराठवाड्यात सोयाबीनची फुलं उन्हाने गळत होती. दोन बातम्या वर्तमानपत्रात वेगवेगळ्या पानांवर छापल्या जात होत्या, पण त्यांचं कारण एकच होतं: हवा वर चढण्याची जागा पाच-सहा अंश उत्तरेला सरकली होती. महिनाअखेर देशभरातला पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी भरला. १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता.

त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो जोर धरत होता आणि खंड लांबण्यात त्याचा हात होता असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. एल निनोच्या काळात मध्य आणि पूर्व प्रशांत महासागरावर हवा वर चढते आणि तिची भरपाई म्हणून इंडोनेशिया-भारताच्या बाजूला हवा खाली बसण्याकडे कल राहतो. पण हा कलच आहे, हुकूम नव्हे; १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी होता आणि त्या वर्षी भारतात पाऊस सरासरीइतका पडला.

खंड मोडतो तो सहसा बंगालच्या उपसागरातून. उपसागराच्या वायव्य कोपऱ्यात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि कोरिऑलिसच्या ढकलण्याने त्याच्याभोवतीचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतात. हे क्षेत्र ओडिशातून मध्य भारताकडे सरकतं, आणि उलट्या दिशेने फिरत असल्यामुळे त्याच्या दक्षिणेचे वारे पश्चिमेकडून येतात. म्हणजे ओडिशावर केंद्र असलेली भोवऱ्यासारखी ही हवा हजार किलोमीटर दूरच्या अरबी समुद्राचा वारा ओढू लागते. कोकणात वारा पुन्हा जोर धरतो, घाटावर पाऊस सुरू होतो, आणि आस मैदानावर परततो. सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात हेच घडलं, गोकुळाष्टमीच्या सुमारास महाराष्ट्रात पाऊस परतला, आणि तो महिना देशभरात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त बरसला. हंगामाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्क्यांवर थांबली. कागदावर हा आकडा फार वाईट दिसत नाही, पण ऑगस्टात फुलं गळालेल्या सोयाबीनला सप्टेंबरच्या पावसाने शेंगा आल्या नाहीत.